नव्व्याण्णव टक्के अचूक, पण कुठे?

२०१६ साली शारदा मोहंती, डेव्हिड ह्यूज आणि मार्सेल सलाते या तीन संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पानाचा फोटो पाहून पीक कोणते आणि त्यावर रोग कोणता हे ओळखणारा संगणकीय क्लासिफायर त्यांनी तयार केला होता. त्यासाठी ‘प्लांटव्हिलेज’ या संग्रहातले ५४,३०६ फोटो वापरले होते. त्यांत १४ पिके आणि २६ रोग होते. पीक आणि रोग (किंवा निरोगी पान) अशा ३८ जोड्यांपैकी एक निवडायची, एवढेच यंत्राचे काम. सर्वांत चांगल्या मॉडेलची अचूकता भरली ९९.३५ टक्के.

त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही. हेच मॉडेल संग्रहाबाहेरच्या, इंटरनेटवरच्या विश्वासार्ह ठिकाणांहून घेतलेल्या फोटोंवर चालवले, तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. हा आकडा संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे छापला आहे. यंत्र एकच, तरी एकदा नव्व्याण्णव टक्के आणि एकदा एकतीस. असे का होते, आणि पानाचा खरा रोग आपल्याला ठाऊक नसताना यंत्राची परीक्षा कशी घ्यायची, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

राखून ठेवलेले फोटो

क्लासिफायर उदाहरणांवरून शिकतो. ज्या फोटोंवरून तो शिकला त्यांवरच त्याची परीक्षा घेतली, तर पेपर आधीच फुटल्यासारखे होईल. म्हणून काही फोटो सुरुवातीलाच बाजूला काढतात. ते शिकताना दाखवायचे नाहीत, फक्त शेवटच्या तपासणीला वापरायचे. ९९.३५ टक्के हा आकडा अशाच पद्धतीने आला. ८० टक्के फोटो शिकवण्यासाठी होते आणि २० टक्के राखीव.

यात फसगत सहज होऊ शकते. प्लांटव्हिलेजमध्ये एकाच पानाचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले अनेक फोटो आहेत. चिठ्ठ्या टाकून फोटो वाटले, तर एखाद्या पानाचा एक फोटो शिकवणीत आणि दुसरा राखीव गटात जाईल. मग यंत्राने रोग ओळखला की पान ओळखले, हे कळणार नाही. संशोधकांनी ही काळजी घेतली होती. कोणता फोटो कोणत्या पानाचा हे जिथे नोंदलेले होते, तिथे त्या पानाचे सगळे फोटो एकाच गटात ठेवले.

तरीही आकडा फुगलाच. या संग्रहातली पाने झाडावरून तोडून, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवून टिपलेली आहेत. राखीव फोटोही तसेच. त्यामुळे ९९ टक्क्यांचा खरा अर्थ इतकाच होतो, की कागदावर ठेवलेले पान याच पद्धतीने टिपले, तर यंत्र जवळपास चुकत नाही. शेतात पान झाडावरच असते. मागे माती असते, दुसरी पाने असतात, बांबू-तार असते, दुपारचे कडक ऊन असते. राखीव डेटा ज्या ठिकाणचा, त्याच ठिकाणापुरती त्याची ग्वाही. शेतातली कामगिरी जाणून घ्यायची तर राखीव फोटो शेतातले हवेत, आणि तेही ज्या शेतांतला एकही फोटो शिकवणीत वापरलेला नाही अशा शेतांतले.

चुका कुठे पडतात

असे शेतातले राखीव फोटो आपल्याकडे आहेत असे धरू. टोमॅटोच्या पानांचे १००० फोटो आहेत आणि प्रत्येकाचे निदान रोगतज्ज्ञाने करून दिले आहे. ९०० पाने निरोगी, ६० पानांवर लवकर येणारा करपा, ४० पानांवर उशिरा येणारा करपा. क्लासिफायरची उत्तरे पुढीलप्रमाणे आली, असे समजा. आकडे उदाहरणापुरते आहेत.

| प्रत्यक्षात | यंत्र म्हणते निरोगी | लवकरचा करपा | उशिराचा करपा |
|---|---|---|---|
| निरोगी (९००) | ८८० | १५ | ५ |
| लवकरचा करपा (६०) | १४ | ४२ | ४ |
| उशिराचा करपा (४०) | ६ | १६ | १८ |

या तक्त्याला कन्फ्युजन मॅट्रिक्स म्हणतात. आडव्या ओळीत खरे निदान, उभ्या रकान्यात यंत्राचे उत्तर. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेवर बरोबर उत्तरे येतात. ८८०, ४२ आणि १८ मिळून ९४०, म्हणजे अचूकता ९४ टक्के. ऐकायला उत्तम. पण फोटो न पाहताच प्रत्येक वेळी ‘निरोगी’ म्हणणारे यंत्रही इथे ९० टक्के मिळवते, कारण ९०० पाने निरोगीच आहेत.

आता शेवटची ओळ वाचा. उशिरा येणाऱ्या करप्याची ४० पाने होती, त्यांतली १८ सापडली आणि २२ निसटली. या रोगापुरते यंत्राचे यश ४५ टक्केच. आणि थंड, दमट हवेत हाच करपा काही दिवसांत उभा प्लॉट झोपवतो. निसटलेल्या २२ पैकी १६ पानांना यंत्राने लवकरचा करपा म्हटले. दोन्ही रोगांचे कारक जीव वेगळे आहेत. लवकरचा करपा अल्टरनेरिया बुरशीमुळे होतो. उशिराचा करपा ज्या फायटॉप्थोरामुळे होतो, तो बुरशीसारखा दिसला तरी खरी बुरशी नव्हे. त्यामुळे एकावर चालणारे प्रत्येक औषध दुसऱ्यावर चालतेच असे नाही. ‘करपा आहे’ एवढे बरोबर सांगूनही फवारणी वाया जाऊ शकते.

तोच तक्ता उभा वाचला की दुसरा प्रश्न सुटतो. यंत्राने ‘उशिराचा करपा’ असे २७ वेळा सांगितले आणि त्यांत १८ वेळा ते खरे होते. म्हणजे त्याने इशारा दिला की तीनांत दोनदा तो खरा निघतो. खरे रोगी किती सापडले आणि दिलेले इशारे किती खरे निघाले, ही दोन मापे वेगळी आहेत. यंत्राला जास्त सावध केले की पहिले सुधारते आणि दुसरे सहसा घसरते. कोणते सांभाळायचे हे गणित ठरवत नाही. एक जादा फवारणी महाग पडते की हातचा प्लॉट जाणे, यावर ते ठरते.

एक खबरदारी मात्र हवी. हे ४५ टक्के अवघ्या ४० पानांवरून काढलेले आहेत. एवढ्या छोट्या नमुन्यात खरा आकडा ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एकूण फोटो हजार असले तरी ज्या रोगाबद्दल बोलायचे, त्याची पाने किती होती ते पाहावे लागते.

उत्तरपत्रिका नसताना

इथवर प्रत्येक फोटोचे खरे उत्तर आपल्याकडे होते. पण नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या शिवारातून शेतकऱ्यांनी ५०० फोटो पाठवले, तर त्यांवरचे निदान कोण सांगणार? तज्ज्ञाला फोटोवरून खात्री देता येईलच असे नाही. कधी पानच प्रयोगशाळेत न्यावे लागते.

सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना ही अडचण जुनीच आहे. टी. वाय. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तिच्यावर एक मार्ग मांडला. त्याला मेटामॉर्फिक चाचणी म्हणतात. एका उत्तराची बरोबर-चूक ठरवता येत नसेल, तर दोन उत्तरांमधले नाते तपासायचे. ३७ अंशांचा साइन किती हे ठाऊक नसले, तरी तो १४३ अंशांच्या साइनइतकाच असला पाहिजे हे नक्की माहीत असते. प्रोग्रामने दोन्हींची वेगळी उत्तरे दिली, तर तो कुठेतरी चुकला हे सिद्ध झाले.

पानांच्या बाबतीतही अशी नाती सांगता येतात. फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटवला, तरी रोग तोच. उजेड थोडा कमी केला, तरी तोच. पान तसेच ठेवून मागचा कागद काढला आणि माती लावली, तरी तोच. प्रत्येक फोटोची अशी जोडी तयार करायची, दोन्ही फोटो यंत्राला दाखवायचे आणि उत्तरे जुळतात का ते मोजायचे.

समजा, फोटो उलटवल्यावर ५०० पैकी १२ उत्तरे बदलली आणि मागची बाजू बदलल्यावर १४० बदलली. उत्तर बदललेल्या जोडीत रोग एकच आहे, म्हणून दोनपैकी निदान एक उत्तर चूकच असणार. म्हणजे एकाही पानाचे खरे निदान माहीत नसताना किमान १४० चुका हाती लागल्या. शिवाय चुकांचे कारणही समोर आले. यंत्राचे लक्ष पानापेक्षा पानामागच्या भागावर आहे.

प्लांटव्हिलेजबद्दलचा हा संशय पुढे खराही ठरला. मेहमेत अल्पेर नोयान यांनी २०२२ साली या फोटोंच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेऊन एक मॉडेल शिकवले. रोगाचा डाग त्याला दाखवलाच नव्हता. तरी राखीव फोटोंवर त्याची अचूकता ४९ टक्के आली. ३८ जोड्यांतून डोळे मिटून एक निवडली, तर २.६ टक्केच मिळाले असते. प्रत्येक रोगाच्या फोटोंमागे त्या त्या वेळचा प्रकाश आणि कागद यांची खूण उमटली होती, आणि राखीव फोटोंतही तीच खूण असल्याने नेहमीच्या परीक्षेत ती कधीच पकडली गेली नसती.

नाते निवडताना मात्र पिकाची जाण लागते. फोटोची रंगछटा पिवळसर केली, तर रोग तोच राहिला असे म्हणता येत नाही, कारण पिवळेपणा हेच अनेक रोगांचे लक्षण आहे. उजेड इतका कमी केला की माणसालाही डाग दिसेना, तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. मागची बाजू बदलताना पानाची कड ओबडधोबड कापली गेली, तर उत्तर त्या कडेमुळेही बदलू शकते. म्हणून त्याच पद्धतीने पान कापून पुन्हा जवळपास तशाच पार्श्वभूमीवर ठेवून पाहायचे. तेव्हा उत्तर टिकले आणि मातीवर बदलले, तरच दोष मागच्या बाजूकडे जातो.

या चाचणीची सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. सदैव ‘निरोगी’ म्हणणारे ते यंत्र हिच्यात एकदाही नापास होणार नाही, कारण त्याचे उत्तर कधी बदलतच नाही. उत्तरे जुळतात म्हणजे ती बरोबर असतात असे नव्हे. त्या यंत्राचे पितळ कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये उघडे पडते, कारण करप्याच्या दोन्ही ओळींत त्याच्या नावावर शून्य येते. उलट, कागदावरून रोग ओळखणारे यंत्र कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये झळकते आणि पार्श्वभूमी बदलताच सापडते. एका चाचणीतून जे निसटते ते दुसरी धरते.

म्हणून ‘आमचे ॲप ९९ टक्के अचूक’ असे वाचले, की विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. राखीव फोटो कुठले होते, शेतातले की कागदावरचे? ज्या रोगाने पीक जाते, त्याच्या किती पानांपैकी किती सापडली? आणि पान तेच ठेवून मागची माती बदलली, तर उत्तर तेच येते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर मोबाइल हातात असलेला कुणीही शेतकरी स्वतःच मिळवू शकतो. तेच पान एकदा मातीवर ठेवायचे, एकदा कागदावर, दोन फोटो काढायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. ती वेगळी आली, तर त्या ॲपच्या भरवशावर औषध आणू नये.