गल्ल्यावरचा क्यूआर आणि बंद पडलेला सर्व्हर

क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि दुकानातल्या साउंडबॉक्सने रक्कम पुकारली, एवढेच यूपीआय व्यवहारात दिसते. हे दोन-तीन सेकंदांत उरकते, पण तेवढ्यात चार ठिकाणचे संगणक एकमेकांशी बोललेले असतात. गिऱ्हाइकाचे ॲप आपली मागणी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे एनपीसीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवते. ती यंत्रणा आधी क्यूआरवरचा पत्ता कोणाचा, हे तो पत्ता देणाऱ्या बँकेला विचारते. मग गिऱ्हाइकाच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते. तिथून होकार आला की दुकानदाराच्या बाजूच्या बँकेला ते जमा करायला सांगते. यातली एक बँक जरी वेळेत बोलली नाही, तरी गल्ल्यावरचा व्यवहार अडतो.

वेळ फार थोडा असतो. जून 2025 पासून एनपीसीआयने पेमेंटच्या मागणीला उत्तर देण्याची मुदत 30 सेकंदांवरून 15 सेकंदांवर आणली. त्यामुळे ज्याला दुकानात ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतात ते दर वेळी यंत्र पूर्ण बंद पडणे नसते. बँकेचा मुख्य हिशेब जिथे चालतो ती कोअर बँकिंग प्रणाली चालू असते, पण गर्दीत तिचे उत्तर मुदतीत पोहोचत नाही आणि पेमेंट फेल होते. म्हणूनच अशा वेळी दहांतले चार व्यवहार होतात आणि सहा होत नाहीत, असे अर्धवट चित्र दिसते.

कधी बँक स्वतःच सेवा थांबवते आणि आधी तसे कळवते. भारतीय स्टेट बँकेने 1 एप्रिल 2025 रोजी वार्षिक हिशेबबंदीसाठी दुपारी 1 ते 4 या वेळेत सेवा बंद राहतील असे जाहीर केले होते आणि तोवर यूपीआय लाइट व एटीएम वापरायला सांगितले होते. एचडीएफसी बँकेने 13 जुलै 2024 रोजी प्रणाली बदलताना यूपीआय नेमके कोणत्या तासांत चालणार नाही हे आधीच छापले होते. अशा सूचना बँकेच्या ॲपमध्ये, संकेतस्थळावर आणि एसएमएसने येतात. ज्या बँकेत दुकानाचे खाते आहे तिची सूचना दुकानदाराने वाचलीच पाहिजे. एसएमएस न वाचता पुसून टाकायची सवय इथे महागात पडते.

अचानक उद्भवलेल्या बिघाडात मात्र पहिला प्रश्न एकच असतो: बँक कोणाची बंद आहे, गिऱ्हाइकाची, दुकानाची, की मधलीच यंत्रणा? उपाय या उत्तरावर अवलंबून असतात.

हे ओळखायला यंत्रापेक्षा रांग जास्त उपयोगी पडते. समजा, एका किराणा दुकानात 1 एप्रिलला दुपारी दीड वाजता पाच मिनिटांत सहा पेमेंट करायचा प्रयत्न झाला. चार फेल गेली, दोन झाली. फेल गेलेल्या चौघांना त्यांचे खाते कोणत्या बँकेत आहे असे विचारले आणि चौघांचेही उत्तर एकच आले. झालेली दोन पेमेंट वेगळ्या बँकांच्या खात्यांतून आली होती. म्हणजे दुकानाचा क्यूआर आणि पैसे घेणारी बाजू ठीक आहे, अडचण गिऱ्हाइकांच्या एका बँकेत आहे. याउलट वेगवेगळ्या बँकांच्या सगळ्याच गिऱ्हाइकांची पेमेंट या एका क्यूआरवर फेल जात असतील आणि शेजारच्या दुकानात होत असतील, तर दोष आपल्या बाजूला आहे. शेजारीही सगळ्यांचे अडले असेल तर मधल्या यंत्रणेवर ताण आहे. 12 एप्रिल 2025 च्या शनिवारी देशभर तसेच झाले होते. अडकलेल्या व्यवहारांची स्थिती काही बँकांच्या यंत्रणांनी पुन्हा पुन्हा विचारली आणि त्या चौकशांच्या लोंढ्यानेच मधला रस्ता तुंबला, असे एनपीसीआयच्या तपासात आढळले.

फेल झालेले प्रत्येक पेमेंट सर्व्हरमुळेच फेल होते असेही नाही. खात्यात शिल्लक नसणे, पिन चुकणे, दिवसाची मर्यादा संपणे ही कारणे गिऱ्हाइकाच्या पडद्यावर स्पष्ट लिहून येतात. बँकांच्या भाषेत हा ‘बिझनेस डिक्लाइन’. ‘बँकेकडून प्रतिसाद नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर तो ‘टेक्निकल डिक्लाइन’. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून पडद्यात डोकावू नये, पण ‘काय लिहून आलंय ते वाचून दाखवता का?’ असे जरूर विचारावे. त्या एका ओळीने बरीच धावपळ वाचते.

खरी गफलत होते ती फेल आणि पेंडिंग यांतला फरक न कळल्यामुळे. फेल म्हणजे व्यवहार संपला. दुसऱ्या खात्यातून लगेच पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. पेंडिंग किंवा ‘प्रोसेसिंग’ म्हणजे व्यवहार अजून जिवंत आहे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कट झाले असतील, पण जमा करणाऱ्या बँकेने उत्तर दिले नसेल. अशा वेळी एनपीसीआयची यंत्रणा तो व्यवहार पुष्कळदा ‘डीम्ड’, म्हणजे झाल्यासारखा धरते आणि बँकांचा ताळा जुळला की पैसे दुकानदाराच्या बाजूला जमा होतात. गिऱ्हाइकाला हिरवी खूण दिसते आणि साउंडबॉक्स मात्र गप्प असतो, त्यामागे हे कारण असू शकते. खोटे कोणीच बोलत नसते. पेंडिंग असताना घाईने दुसऱ्यांदा पैसे घेतले तर थोड्या वेळाने दोन्ही रकमा जमा होतात आणि परत करायची कटकट मागे लागते.

साउंडबॉक्सचे मौन हाही पुरावा नव्हे. त्याच्या आत स्वतःचे सिम असते. त्याला रेंज नसली की पैसे जमा होऊनही तो बोलत नाही. म्हणून खात्री करायची ती दुकानाच्या व्यापारी ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत, आणि क्यूआर थेट बँक खात्याला जोडलेला असेल तर खात्याच्या नोंदीत. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला 12 अंकी यूटीआर क्रमांक असतो. गिऱ्हाइकाच्या ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात तो सापडतो. तोच क्रमांक आणि तीच रक्कम दुकानाच्या यादीत दिसली की पैसे आले. नुसता स्क्रीनशॉट दाखवून ‘गेले बघा’ म्हणणाऱ्याचे म्हणणे तेवढ्यावर मान्य करू नये. बनावट पेमेंट दाखवणारी ॲप असतात आणि सर्व्हर बंद असतानाच्या गोंधळात ती सहज खपून जातात.

स्थिती तपासण्यासाठी बटण सारखे दाबत राहणेही व्यर्थ आहे. 2025 च्या नियमांनुसार अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनच वेळा करता येते आणि दोन चौकशांत 90 सेकंदांचे अंतर लागते. तेवढे थांबून एकदा पाहावे आणि मधल्या वेळात पुढच्या गिऱ्हाइकाचे बिल करावे.

विक्री चालू ठेवण्याचा मार्ग बिघाड कुठे आहे त्यावर ठरतो. गिऱ्हाइकाची बँक बंद असेल तर दुकानातला क्यूआर बदलून काही होत नाही. त्याच्या ॲपला दुसऱ्या बँकेचे खाते जोडलेले असेल तर ते निवडायला सांगावे. रक्कम लहान असेल तर यूपीआय लाइट उत्तम. त्यात आधीच भरून ठेवलेल्या, जास्तीत जास्त 5,000 रुपयांच्या शिलकीतून एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पैसे पिनशिवाय जातात आणि त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या बँकेची कोअर प्रणाली लागत नाही. बँक बंद पडल्यावर मात्र त्यात नवे पैसे भरता येत नाहीत, ते आधी भरलेले असावे लागतात. त्याच बँकेचे डेबिट कार्ड मशीनमध्ये घालणे बहुतेकदा निष्फळ ठरते, कारण पैसे त्याच बंद खात्यातून वजा व्हायचे असतात. क्रेडिट कार्डाचा हिशेब वेगळ्या प्रणालीत असल्यामुळे ते चालण्याची शक्यता जास्त. `*99#` ही साध्या फोनवरची सोय इंटरनेट नसताना कामाची आहे. बँकच उत्तर देत नसेल तर तिचा उपयोग नाही.

बिघाड दुकानाच्या बाजूला असेल तर दुसरा क्यूआर लागतो, आणि इथे बरेच दुकानदार फसतात. काउंटरवर तीन रंगांचे तीन स्टिकर असतात, पण तिन्ही खरोखर वेगळे आहेत का हे कोणी पाहिलेले नसते. क्यूआरमध्ये साधारण असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=dukan@handle&pn=Dukan&cu=INR
```

`pa=` नंतरचा पत्ता दुकानाचा. त्यातल्या `@` पुढच्या भागावरून तो पत्ता कोणत्या बँकेमार्फत चालतो हे कळते. हा पत्ता स्टिकरवर क्यूआरखाली बहुधा छापलेला असतो. दोन स्टिकरांवर तो भाग एकाच बँकेचा असेल तर ती बँक थांबली की दोन्ही एकदम थांबतात. दुकानाचे खाते मात्र तिसऱ्याच बँकेत असू शकते. पेमेंट कंपनीच्या व्यापारी क्यूआरवर पैसे सहसा आधी कंपनीच्या भागीदार बँकेत गोळा होतात आणि नंतर दुकानाच्या खात्यात येतात. त्यामुळे खात्याची बँक दोन तास बंद असली तरी असा क्यूआर चालू राहू शकतो, फक्त पैसे हातात उशिरा पडतात. खात्याला थेट जोडलेला बँकेचा क्यूआर मात्र त्याच क्षणी अडतो. म्हणून काउंटरवर एक क्यूआर पेमेंट कंपनीचा आणि दुसरा वेगळ्या बँकेतल्या खात्याचा, अशी जोडी सर्वांत भरवशाची. शिवाय गल्ल्यात सुटे पैसे हवेतच. यूपीआयची सवय झालेल्या दुकानांत पाचशेची नोट आली की सुट्यांची पंचाईत होते.

ओळखीच्या गिऱ्हाइकाचे पेमेंट पेंडिंगच राहिले तर माल द्यावा, पण वहीत तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर आणि मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा. वरच्या उदाहरणात 640 रुपयांचे एक बिल दीड वाजता पेंडिंग राहिले असे धरू. चारनंतर बँक सुरू झाल्यावर दुकानदाराने यादी पाहावी. रक्कम दिसली तर नोंदीवर काट मारावी. दुसऱ्या दिवशीही दिसली नाही तर गिऱ्हाइकाला फोन करून पैसे त्याच्याकडे परत आले का हे विचारावे. आले असतील तर तो पुन्हा देईल. कट झालेले पैसे ना इकडे ना तिकडे असतील, तर गिऱ्हाइकाने आपल्या ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवायची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, पैसे कट होऊनही दुकानाला व्यवहार झाल्याची खात्री मिळाली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत मिळायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे आणि ती मागावी लागू नये असे त्यात म्हटले आहे. बँकेने 30 दिवसांत तक्रार सोडवली नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते.