शंभर टनांचा घोट आणि काळोखातली टकटक

उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत निळे देवमासे येतात ते क्रिल खायला. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, तिथल्या समुद्रात जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा जीव. पंचवीस मीटर लांबीच्या प्राण्याने असा एकेक जीव पाठलाग करून पकडायचं ठरवलं, तर तो उपाशीच मरेल. म्हणून तो क्रिल पकडतच नाही. क्रिलचा दाट थवा ज्या पाण्यात आहे, ते पाणीच तो तोंडात घेतो.

त्यासाठी तो आधी वेग घेतो आणि थव्यात शिरताना जबडा सताड उघडतो. पाण्याच्या रेट्याने जीभ मागे ढकलली जाते, हनुवटीपासून बेंबीपर्यंतच्या चुण्या उलगडतात आणि गळ्याखाली प्रचंड पिशवी फुगते. काही सेकंदांत तिच्यात शंभर टनांहून जास्त पाणी मावतं. मग तोंड मिटायचं आणि ते पाणी बाहेर दाबायचं. वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी सुमारे तीनशे-तीनशे पट्ट्या लटकलेल्या असतात. त्यांना बेलीन म्हणतात. आपली नखं ज्या केराटिनची, त्याच द्रव्याच्या त्या असतात. त्यांची आतली कड झिजून नारळाच्या शेंडीसारखी तंतूतंतूंची होते, हे तंतू एकमेकांत गुंततात आणि पाणी गाळून जातं, क्रिल आत उरतो. एवढं पाणी गाळायला अर्धा-एक मिनिट सहज लागतं.

यातला खरा खर्च गाळण्याचा नाही, थांबण्याचा आहे. तोंड उघडताच पाण्याच्या विरोधामुळे देवमाशाचा वेग जवळजवळ संपतो. पुढच्या घोटासाठी तेवढं अवजड शरीर पुन्हा पळवावं लागतं, तेही श्वास रोखून. थवा विरळ असेल तर मिळालेल्या क्रिलपेक्षा मेहनतच महाग पडायची. दाट थवा सापडला, तर मात्र हा व्यवहार विलक्षण फायद्याचा ठरतो. उत्तर प्रशांत महासागरात खाण्याच्या हंगामात निळा देवमासा दिवसाला सुमारे 16 टन क्रिल खातो, असा अंदाज 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. (राइट व्हेल हेच काम संथपणे करतो. तोंड उघडं ठेवून तो पोहत राहतो आणि पाणी सतत गाळलं जातं.)

पाण्याखालचे हे घोट मोजता येतात ते देवमाशाच्या पाठीवर रबरी चोषकाने चिकटवलेल्या छोट्या नोंदयंत्रामुळे. वेग चढत जाऊन एकदम कोसळला, की समजायचं, घोट घेतला गेला. असंच यंत्र दात असलेल्या स्पर्म व्हेलवर लावलं, तर महत्त्वाची ठरते ती आवाजाची नोंद.

स्पर्म व्हेलचं भक्ष्य म्हणजे मुख्यतः स्क्विड, आपल्याकडे ज्याला माकूल म्हणतात त्याचे खोल पाण्यातले भाईबंद. ते चारशे ते हजार-बाराशे मीटर खोलीवर विखुरलेले असतात. तिथे सूर्यप्रकाश नसतो आणि एका घोटात गोळा करावा असा दाट थवाही नसतो. एकेक स्क्विड हुडकावा लागतो. त्यासाठी हा प्राणी नाकपुडीजवळच्या ओठांसारख्या अवयवातून टक्‌ असा आवाज काढतो. तो आवाज डोक्यातल्या तेलाने भरलेल्या भागातून मागे जातो, कवटीपाशी असलेल्या हवेच्या पिशवीवर आपटून परततो आणि झोतासारखा पुढे फेकला जातो. प्राण्यांच्या आवाजांत याहून जोरदार आवाज ठाऊक नाही. तेवढा जोर लागतोच, कारण स्क्विडचं मऊ शरीर पाण्याशी इतकं मिळतंजुळतं असतं, की त्यावरून येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण असतो. तो खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोहोचतो.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. स्क्विड तीनशे मीटरवर असेल तर प्रतिध्वनी परतायला 0.4 सेकंद लागतात. म्हणून शोध चालू असताना दोन टकांमध्ये साधारण अर्धा ते एक सेकंदाचं अंतर असतं. भक्ष्य जवळ आलं, की टका झपाट्याने वाढतात. शेवटी सेकंदाला पन्नासएक टका झाल्या की त्या वेगळ्या ऐकूच येत नाहीत, करकरत्या दारासारखा एकच सूर लागतो. आता भक्ष्य काही मीटरांवर आलेलं असतं आणि त्याची प्रत्येक हालचाल ताजी कळणं गरजेचं असतं. या सुराच्या वेळीच प्राणी झटकन वळतो, हे नोंदयंत्राने दाखवलं आहे. म्हणूनच अभ्यासक एक करकर म्हणजे पकडण्याचा एक प्रयत्न असं धरतात.

मला सगळ्यात नवल वाटतं ते दातांचं. जबडा मोडलेले किंवा वेडावाकडा झालेले, तरी धडधाकट असलेले स्पर्म व्हेल सापडले आहेत. म्हणजे या शिकारीत दातांपेक्षा ऐकण्याची मदार मोठी.

कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’ विकताना लोक पकडले जातात, तो अंबरग्रीसही याच शिकारीतून येतो. स्क्विडची कठीण चोच पचत नाही. बहुतेक चोची ओकून टाकल्या जातात. ज्या आतड्यात अडकतात, त्यांच्याभोवती हा मेणचट पदार्थ साचत जातो. अंबरग्रीसच्या खड्यात अनेकदा त्या काळ्या चोची जशाच्या तशा दिसतात.