बैठक पुढे गेली, मुदत नाही

मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांतल्या फलकावर एक ओळ हमखास दिसते: ‘काही अपरिहार्य कारणास्तव व्यवस्थापक समितीची बैठक पुढे ढकलली आहे.’ नवी तारीख नाही, कारण मोघम. आणि मूळ बैठकीपुढच्या अर्जांचं काय, याबद्दल अक्षर नाही.

हीच उणीव महागात पडते. समजा, एका सदनिकेच्या खरेदीदाराने २० एप्रिलला सभासदत्वासाठी अर्ज दिला. तो १२ जुलैच्या विषयपत्रिकेवर होता. अध्यक्ष आजारी पडले आणि बैठक २६ जुलैवर गेली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाल्याचं मानलं जातं. म्हणजे २६ जुलैला समिती अर्जावर चर्चा करेल तेव्हा वेळ निघून गेलेली असेल. आक्षेप रास्त असला, तरी उशीर झालेला.

म्हणून नवी तारीख सर्वांच्या सोयीआधी प्रलंबित अर्जांकडे पाहून ठरवावी. इथे १७ जुलै चालली असती. आदर्श उपविधींप्रमाणे समितीच्या बैठकीला पूर्ण तीन दिवसांची सूचना लागते, सूचनेचा व बैठकीचा दिवस सोडून. तेव्हा १३ तारखेला सूचना सर्वांच्या हाती हवी.

मजकूर असा पुरेसा आहे: ‘अध्यक्षांच्या आजारपणामुळे १२ जुलैची बैठक १७ जुलैला सायंकाळी ७ वाजता होईल. विषयपत्रिका तीच राहील. सभासदत्वाचा अर्ज प्रथम घेतला जाईल व निर्णय २० जुलैपूर्वी लेखी कळवला जाईल.’