उचल फिटते कशी, लिहिली जाते कशी

जून महिना आला की छोट्या कारखान्यांच्या ऑफिसात उचल मागणाऱ्यांची रांग लागते. मुलांची फी, वह्या-पुस्तकं, गावाकडची पेरणी असे खर्च एकदम अंगावर येतात. मालक पैसे देतो आणि पुढच्या पगारांतून थोडे थोडे कापून घेतो. व्यवहार सरळ असतो, पण वहीत तो बऱ्याच ठिकाणी चुकीचा लिहिला जातो. त्याचा फटका कधी मालकाच्या हिशेबाला बसतो, कधी कामगाराच्या खिशाला.

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपमधला फिटर आहे. त्याचा महिन्याचा एकूण पगार 28,000 रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000. मुलाच्या डिप्लोमाच्या फीसाठी त्याने 10 जूनला 30,000 रुपये उचलले. दरमहा 5,000 प्रमाणे जुलै ते डिसेंबर असे सहा हप्ते ठरले, आणि तसं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

10 जूनला वहीत काय लिहायचं? हा पगार नव्हे. त्या दिवशी कारखान्याचा एक पैसाही खर्च झालेला नाही. बँकेतले 30,000 कमी झाले आणि फिटरकडून तेवढंच येणं उभं राहिलं. म्हणून फिटरचं उचल खातं 30,000 नावे, बँक 30,000 जमा. हे खातं येण्यांच्या गटात बसतं. टॅलीत त्या गटाचं नाव Loans & Advances (Asset) असं आहे. जूनचा पगार नेहमीसारखाच होतो, कारण हप्ता अजून सुरू झालेला नाही.

खरी परीक्षा जुलैच्या पगाराची. 31 जुलैची नोंद अशी पडते:

पगार खर्च — नावे 28,000
भविष्य निर्वाह निधी देणे — जमा 1,800
व्यवसाय कर देणे — जमा 200
फिटरचं उचल खातं — जमा 5,000
पगार देणे — जमा 21,000

वरची एक ओळ खालच्या चार ओळींच्या बेरजेइतकी आहे. निधी 15,000 वर 12 टक्के धरला आहे. मालकाच्या हिश्श्याची नोंद वेगळी होते, तिचा उचलीशी संबंध नाही. ऑगस्टच्या 7 तारखेच्या आत फिटरच्या खात्यात 21,000 गेले, की ‘पगार देणे’ नावे आणि बँक जमा. इथे पगाराचं काम संपतं, आणि उचल खात्यात 25,000 शिल्लक दिसते.

या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची ओळ पहिली. फिटरने महिनाभर काम करून 28,000 कमावले, म्हणून कारखान्याचा खर्च 28,000 च. हप्ता कापला म्हणून त्याची कमाई कमी होत नाही. त्याने आपल्या कमाईतून जुनं देणं भागवलं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच निधी आणि आयकर हप्ता कापण्याआधीच्या पगारावर मोजायचे असतात. हप्ता वजा करून उरलेल्या रकमेवर निधी कापला, तर कामगाराच्या म्हातारपणाच्या पैशालाच कात्री लागते.

चूक नेमकी याच ओळीत होते. हिशेबनीस पगार खर्च 23,000 लिहितो, कारण “पाच हजार तर आपण दिलेच नाहीत”. मग उचल खात्यात जमा पडतच नाही. सहा महिन्यांनी फिटरने सगळे पैसे फेडलेले असतात आणि वहीत मात्र त्याच्याकडून 30,000 येणं तसंच उभं. खर्च तीस हजारांनी कमी, नफा तेवढाच फुगलेला.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. जूनमध्येच 30,000 पगार खर्चात टाकायचे आणि पुढचे सहा महिने 23,000 लिहायचे. वर्षाची बेरीज बरोबर जुळते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण फिटरकडून किती येणं बाकी आहे हे सांगणारं खातंच वहीत नसतं. आणि हीच उचल जानेवारीत दिली असती, तर 31 मार्चच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा दोन्ही वर्षांचा नफा चुकला असता.

दोन्ही चुका ओळखायचा मार्ग एकच: दर महिन्याला वहीतला पगार खर्च आणि पगारपत्रकातल्या एकूण पगाराची बेरीज शेजारी ठेवायची. हप्त्याइतका फरक दिसला, की चूक सापडली. टॅलीत पगार करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. हप्त्यासाठी पे हेड उघडताना Loans and Advances हाच प्रकार निवडायचा आणि खातं येण्यांच्या गटातच ठेवायचं. ते चुकून उत्पन्नाच्या गटात गेलं, तर कामगाराने परत केलेले पैसे कारखान्याची कमाई म्हणून दिसू लागतात.

आता सप्टेंबर. फिटरची आई आजारी पडली आणि तो बारा दिवस बिनपगारी रजेवर गेला. 30 पैकी 18 दिवसांचा पगार 16,800 झाला, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता 9,000. निधी 1,080, व्यवसाय कर 200. यातून ठरलेले 5,000 कापावेत का? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता सांगते, की सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसाव्यात. संहितेतलं वेतन म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता. त्याचं निम्मं 4,500. पूर्ण हप्ता कापला तर कपात 6,280 वर जाते. म्हणून हप्ता निम्मा, 2,500 चा करायचा. कपात 3,780 होते आणि फिटरच्या हातात 13,020 पडतात. मर्यादा कुणाला ठाऊक नसली, तरी अशा महिन्यात घरात आजारी माणूस असताना हप्ता कमी करणं हेच माणुसकीला धरून आहे.

नोंदीची चौकट तीच राहते, आकडे बदलतात. उचल खात्यात ऑगस्टअखेर 20,000, सप्टेंबरअखेर 17,500, मग 12,500, 7,500 आणि डिसेंबरअखेर 2,500. तेवढे जानेवारीत कापले की खातं शून्य.

आणि इथेच सगळ्यांत वाईट चूक घडते. संगणकात दरमहा 5,000 ची कपात कायमची लावून ठेवलेली असते, ती कुणी थांबवत नाही. जानेवारीत 2,500 ऐवजी 5,000 कापले जातात, फेब्रुवारीत पुन्हा 5,000. उचल खात्यात नावे शिल्लक राहण्याऐवजी जमा शिल्लक दिसू लागते. तिचा अर्थ एकच: आता कारखानाच कामगाराचं देणं लागतो. उचल खात्यात जमा शिल्लक दिसली, की ती त्याच महिन्यात परत करायला हवी.

कामगार मध्येच नोकरी सोडून गेला, तर उरलेली उचल त्याच्या अखेरच्या हिशेबातून वळती होते. तो हिशेब संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, म्हणून उचलीची शिल्लक त्या दिवशी तयार असायला हवी. वसूल न झालेली आणि मिळण्याची आशा नसलेली रक्कम बुडीत खर्चात टाकावी. ती वर्षानुवर्षं येण्यांत ठेवली, तर ताळेबंद खोटा ठरतो.

कारखानदारांना एक विनंती: पगाराच्या चिठ्ठीवर हप्त्याच्या शेजारी ‘बाकी उचल’ हा आकडा छापा. आणि उचल घेतलेल्यांनी दर महिन्याला तो आकडा आपल्या वहीत उतरवून घ्या. हप्ता कापूनही तो तेवढ्याने उतरला नसेल, तर त्याच दिवशी ऑफिसात जाऊन विचारा.