लांब, स्वस्त केबल आणि गिटारचा दबलेला आवाज

इलेक्ट्रिक गिटारची केबल म्हणजे नुसती तार, तिने आवाज कसा बदलेल, असा प्रश्न नेहमी येतो. तारेचा रोध खरोखरच नगण्य असतो. फरक पडतो तो धारकतेमुळे. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर बनतो, आणि पिकअपच्या कॉइलबरोबर त्याचा एक अनुनाद तयार होतो. त्या वारंवारतेजवळ आवाज उठून दिसतो, तिच्यावर तो झपाट्याने घसरतो. साधारण २.५ हेन्रीचा सिंगल-कॉइल पिकअप घ्या. ३ मीटरची चांगली केबल, मीटरला १०० पिकोफॅरड, आणि पिकअपची स्वतःची धारकता धरून एकूण ४०० झाले, तर अनुनाद ५,००० हर्ट्झच्या आसपास येतो. १० मीटरच्या स्वस्त केबलला मीटरमागे १५० धरले, तर एकूण १,६००. धारकता चौपट, म्हणून अनुनाद निम्म्यावर, २,५०० हर्ट्झवर. स्ट्रॅटची चकाकी गेली ती इथेच.

मग अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवावा? त्याने खरखरही वाढते आणि अनुनादाची जागा हलत नाही. महाग केबलच घ्यावी, असेही नाही. सोन्याचा मुलामा दिलेला प्लग धारकता कमी करत नाही, आखूड लांबी करते. हेंड्रिक्स गुंडाळीची लांब केबल वापरायचा हे खरे, पण मऊ आवाज हवा असेल तेव्हाच तो दाखला लागू पडतो. लांब केबल टाळता येत नसेल, तर गिटारजवळ बफर लावा. त्यापुढच्या केबलचा परिणाम जवळजवळ उरत नाही.