फक्त श्वास ऐकू येतो

स्टॅनली कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या चित्रपटात एका अंतराळयानावर चार माणसं मारली जातात. एकाचीही किंकाळी ऐकू येत नाही, रक्ताचा थेंब दिसत नाही आणि भीती वाढवायला मागे संगीतही वाजत नाही. तरीही हा भाग पाहताना अंगावर काटा येतो. पडद्यावर फारसं काही घडत नसताना हे होतं, कारण सगळं काम कानांवर सोपवलेलं आहे.

कथा थोडक्यात अशी. 'डिस्कव्हरी' नावाचं यान गुरू ग्रहाकडे निघालं आहे. डेव्ह बोमन आणि फ्रँक पूल हे दोघे जागे आहेत. आणखी तिघे शास्त्रज्ञ पेट्यांमध्ये दीर्घ निद्रेत ठेवलेले आहेत. यान चालवतो 'हॅल ९०००' हा बोलणारा संगणक. हॅल एका यंत्रभागाविषयी चुकीचा इशारा देतो. दोघांना संशय येतो आणि गरज पडली तर त्याला बंद करायचं असं ते ठरवतात. हॅल ऐकू नये म्हणून ते 'पॉड' नावाच्या लहानशा गोल वाहनात शिरतात, दार लावून घेतात आणि तिथे बोलतात.

इथे कुब्रिकने फार विचारपूर्वक एक गोष्ट केली आहे. कॅमेरा पॉडच्या काचेतून दोघांचे हलणारे ओठ दाखवतो, आधी एकाचे, मग दुसऱ्याचे, पुन्हा पहिल्याचे. शब्द मात्र ऐकू येत नाहीत. दोन क्षणांत प्रेक्षकाच्या ध्यानात येतं की हे हॅलचं पाहणं आहे आणि तो ओठ वाचतो आहे. ज्या शांततेच्या भरवशावर दोघे बोलत होते, तीच त्यांच्यावर उलटली. याच ठिकाणी चित्रपटाचं मध्यंतर होतं.

मध्यंतरानंतर पूल तो यंत्रभाग परत बसवायला यानाबाहेर जातो आणि चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा आवाज सुरू होतो: श्वासाचा.

आवाज म्हणजे कंपन, आणि ते वाहून न्यायला हवा, पाणी किंवा एखादा घन पदार्थ लागतो. अंतराळात हवा नाही, त्यामुळे दोन यानं एकमेकांवर आदळली तरी जवळ तरंगणाऱ्या माणसाच्या कानावर काहीच पडणार नाही. पण तो माणूस पोशाखात आहे, आणि पोशाखात प्राणवायू भरलेला आहे. म्हणजे त्याला ऐकू येण्यासारख्या गोष्टी उरतात त्या इतक्याच: आत येणाऱ्या वायूची फुसफुस, रेडिओवरचं बोलणं आणि स्वतःचा श्वास. कुब्रिकने पूलच्या प्रसंगात ध्वनिपट्टीवर फुसफुस आणि श्वास एवढंच ठेवलं. तो श्वास कुब्रिकने स्वतःचाच ध्वनिमुद्रित केला होता, असं सांगितलं जातं.

भौतिकशास्त्राशी प्रामाणिक राहणं एवढाच त्यामागचा हेतू असता, तर या प्रसंगाची भीती वाटली नसती. खरी करामत अंतराच्या खेळात आहे. पडद्यावर अवाढव्य पांढरं यान आहे आणि त्याच्या कडेला ठिपक्याएवढा माणूस. सर्वसाधारण चित्रपटात माणूस इतका दूर असला की त्याचा आवाजही दूरचा, बारीक होतो. इथे श्वास मात्र अगदी कानाला लागून ऐकू येतो. डोळे सांगतात की आपण लांबून पाहतो आहोत. कान सांगतात की आपण त्या शिरस्त्राणाच्या आत आहोत. त्या दोन जागांच्या मधे प्रेक्षक अडकतो, आणि काही वेळाने त्याचा स्वतःचा श्वासही त्याच लयीत चालू लागतो.

कुब्रिक हा आवाज संपवायची घाई करत नाही. आत, बाहेर, आत, बाहेर. आधी बोमन बाहेर गेला होता तेव्हाही हाच आवाज बराच वेळ चालला होता आणि तेव्हा काहीच वाईट घडलं नव्हतं. त्यामुळे कान त्याला सरावले आहेत. रात्री वीज गेली की पंखा थांबतो आणि गाढ झोपलेला माणूस जागा होतो. पंख्याचा आवाज चालू होता हे त्याला तो थांबल्यावरच कळतं. पूलच्या श्वासाचंही तसंच होतं. तो चालू असताना त्याच्याकडे लक्ष उरत नाही.

मग मागे सोडलेला पॉड हळूच वळतो. त्याचे यांत्रिक हात पसरतात आणि तो पूलच्या, म्हणजे आपल्याच, दिशेने येऊ लागतो. पॉडवरच्या हॅलच्या लाल डोळ्याकडे कॅमेरा तीन झटक्यांत जवळ जातो, आणि सगळा आवाज एकदम तुटतो. पुढच्या दृश्यात पूल नि:शब्द पोकळीत गरगरत दूर चालला आहे. तुटलेल्या नळीशी त्याचे हात झटापट करतात, मग थांबतात. धडक दाखवलेलीच नाही. पूल संपला हे डोळ्यांच्या आधी कानांना कळलेलं असतं, कारण आतापर्यंत त्याचं जिवंत असणं आपल्याला फक्त ऐकू येत होतं.

या चित्रपटाविषयी बोलताना 'अंतराळातली शांतता' असा शब्दप्रयोग नेहमी होतो, पण नुसती शांतता भीतिदायक नसते. चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नि:शब्द असता तर प्रेक्षक कंटाळला असता. आधी एखाद्या आवाजाला जिवाशी बांधून घ्यायचं आणि मग तो काढून घ्यायचा, या क्रमात सगळा जोर आहे.

पुढच्या तीन खुनांमध्ये हाच क्रम वेगळ्या आवाजाने येतो. पूलला आणायला बोमन दुसरा पॉड घेऊन बाहेर पडतो. यानात हॅल एकटा आहे आणि तिघे निद्रेत. त्यांचे श्वास ऐकू येत नाहीत. त्यांच्या जागी आहेत पडद्यावरच्या रेषा आणि धोक्याची घंटी. घंटी सुरू होते, तिची गती वाढते, रेषा सपाट होत जातात, आणि मग घंटीही थांबते. पडद्यावर दिसणाऱ्या दोन-तीन कोरड्या शब्दांच्या सूचनेखेरीज या मृत्यूंची दुसरी नोंदच नाही. मला हा प्रसंग पूलच्या मृत्यूहूनही क्रूर वाटतो. पूल निदान धडपडला तरी.

बोमन परत येतो तेव्हा हॅल दार उघडत नाही. शांत, सभ्य आवाजात नकार देतो आणि शेवटी संभाषणात अर्थ नाही असं सांगून बोलणंच थांबवतो. हॅलचा हा आवाज डग्लस रेन या कॅनडाच्या नटाचा. त्यात राग नाही, चढउतार नाही. बोमन त्याला हाका मारत राहतो आणि उत्तर येत नाही. हवा नसल्याची शांतता वेगळी. ऐकू येत असूनही समोरचा बोलत नाही, ही शांतता वेगळी. कुब्रिक दोन्ही वापरतो.

बोमन घाईत शिरस्त्राण न घेताच निघालेला आहे. आत शिरायचा एकच मार्ग उरतो: पॉडचं दार स्फोटाने उडवायचं आणि त्या धक्क्यासरशी यानाच्या आणीबाणीच्या कक्षात झेपावायचं. त्या कक्षात हवा नाही. पडद्यावर स्फोट होतो, धूर उसळतो, बोमन भिंतींवर आदळत राहतो आणि ध्वनिपट्टीवर काहीही नसतं. तो कसाबसा खटका ओढतो, बाहेरचं दार बंद होतं, कक्षात हवा भरू लागते आणि त्या हवेबरोबरच आवाज परत येतो. हवा, आवाज आणि जीव या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे इथे एकाही शब्दाशिवाय कळतं. (एक चूक मात्र आहे. बोमन श्वास रोखून धरताना दिसतो. निर्वात जागेत असं केल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते. श्वास सोडून द्यायला हवा. सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनीही पुढे ही चूक दाखवून दिली.)

संगीत नसणं हा या सगळ्याचा पाया आहे, आणि तो निर्णय सोपा नव्हता. कुब्रिकने ॲलेक्स नॉर्थ या नावाजलेल्या संगीतकाराकडून सुमारे ४० मिनिटांचं संगीत करून घेतलं होतं. नंतर त्याने नॉर्थला कळवलं की पुढच्या भागासाठी संगीत लागणार नाही, तिथे श्वासाचे आवाज वापरायचे आहेत. पुढे नॉर्थचं उरलेलं संगीतही वगळलं गेलं. नॉर्थवर अन्याय झाला यात शंका नाही, पण हॅलच्या भागापुरता कुब्रिकचा कान बरोबर होता. संगीत वाजलं असतं तर आता घाबरायचं आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं असतं.

अल्फोन्सो क्वारोनच्या 'ग्रॅव्हिटी'ने (२०१३) याच नियमाची दुसरी बाजू शोधली. पोकळीत आवाज पसरत नसला तरी स्पर्शातून पोहोचतो. अंतराळवीराने हातातल्या यंत्राने बोल्ट फिरवला तर त्याची थरथर हातमोज्यातून शरीरात आणि तिथून कानात जाते. ध्वनिसंयोजक ग्लेन फ्रीमँटल यांच्या चमूने असे दबके, घुमणारे आवाज रचले. त्यामुळे नायिका ज्याला धरते तेवढंच ऐकू येतं, आणि हात सुटला की तेही जातं. स्थानकाचे तुकडे तिच्या पाठीमागे आवाज न करता उडत असतात. पण दीड तासाचा अख्खा चित्रपट एवढ्यावर पेलणं कठीण होतं. आदळण्या-फुटण्याचा जोर स्टीव्हन प्राइस यांच्या संगीताला उचलावा लागला. ते चढत जातं आणि कापल्यासारखं थांबतं. परिणाम जबरदस्त आहे, तरी माझ्या मते कुब्रिकची पद्धत जास्त धीट आहे.

धीट म्हणायचं कारण असं की चित्रपटगृहातली पूर्ण शांतता धोक्याची असते. आवाज गेला की प्रेक्षकाला आधी यंत्र बिघडल्याची शंका येते. म्हणून ध्वनिसंयोजक 'शांत' दृश्यातही खोलीची हलकी गुणगुण ठेवतात. २०१७ साली 'स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय'मध्ये एका धडकेच्या वेळी काही सेकंद संपूर्ण आवाज बंद केला, तेव्हा अमेरिकेतल्या एका चित्रपटगृहाने फलक लावला की ही शांतता मुद्दाम आहे, बिघाड नव्हे. कुब्रिकला असा फलक लागला नाही, कारण त्याने आधी बराच वेळ श्वास ऐकवून ठेवला होता. तो थांबल्यावर चित्रपटातच काही झालं आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं.

घरी हा चित्रपट पाहणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. बऱ्याच टीव्हींमध्ये मोठे आवाज कमी आणि बारीक आवाज मोठे करून सगळं एका पातळीवर आणणारी सोय असते. 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' अशा नावांनी ती सेटिंगमध्ये सापडते. ती चालू असेल तर श्वास, घंटी आणि शांतता यांच्यातला फरक पुसट होतो. ती बंद करा, शक्य असेल तर हेडफोन लावा आणि पूल यानाबाहेर पडतो तिथून बोमन आत येईपर्यंतचा भाग न थांबवता, सलग पाहा.