लॉजिस्टिक वक्र आणि चंद्रपूरचे वाघ : धारणक्षमतेचा अंक कोठून येतो?

वर्धा नदीकाठच्या घुग्घुसच्या कोळसा खाणी आणि ताडोबा-अंधारीचे अरण्य ही एकाच चंद्रपूर जिल्ह्याची दोन अंगे होत. या जिल्ह्यात वाघ वाढले, आणि आता ते वनाबाहेरही वावरतात. अशा वेळी ‘हे जंगल आणखी किती वाघ धारण करू शकेल?’ हा प्रश्न स्वाभाविकपणेच विचारला जातो. त्याचे उत्तर लोकसंख्यावाढीच्या सूत्रातून मिळेल, अशी अपेक्षाही पुष्कळदा असते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे काही उदाहरणे सोडवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बेल्जियन गणितज्ञ फेरहुल्स्ट याने १८३८ साली मांडलेले समीकरण असे :

dN/dt = rN(1 − N/K)

येथे N ही त्या क्षणाची संख्या, r हा अडथळा नसतानाचा वाढीचा दर आणि K ही धारणक्षमता होय. कंसातील पद म्हणजे अद्याप शिल्लक असलेल्या जागेचा अंश. N लहान असता हे पद जवळजवळ १ असते आणि वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते. N जसजसा K जवळ येतो, तसतसे ते शून्याकडे झुकते. उदाहरणार्थ, r = ०.२ आणि K = ५० मानल्यास १० वाघांच्या समूहात वर्षाला १.६, २५ वाघांच्या समूहात २.५, तर ४५ वाघांच्या समूहात केवळ ०.९ वाघांची भर पडते. वाढ सर्वाधिक असते ती K च्या निम्म्यावर. तेथेच वक्राला वळण लागते.

उदाहरण पहिले. अखिल भारतीय व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३, २०१४ मध्ये १९० आणि २०२२ मध्ये ४४४ होता. सोळा वर्षांत संख्या ४.३१ पट झाली. ४.३१ चा नैसर्गिक लॉगरिथम १.४६, त्यास १६ ने भागता r ≈ ०.०९१ येतो, म्हणजे सुमारे साडेसात वर्षांत संख्या दुप्पट होते. हाच वेग कायम राहिला असे धरले तर २०५४ मध्ये एकट्या महाराष्ट्रात सुमारे ८,२५० वाघ होतील. संबंध भारताचा २०२२ चा अंदाज ३,६८२ होता. तेव्हा वाढ कोठेतरी मंदावणार हे उघड आहे. प्रश्न फक्त ‘कोठे’ हाच उरतो.

उदाहरण दुसरे. समान कालांतराच्या तीन नोंदी हाती असल्यास लॉजिस्टिक वक्राचा K थेट काढता येतो :

K = [2N₀N₁N₂ − N₁²(N₀ + N₂)] / [N₀N₂ − N₁²]

वरील तीन नोंदींमध्ये आठ-आठ वर्षांचेच अंतर आहे. छेदात ४५,७३२ − ३६,१०० = ९,६३२ मिळतात; अंशात १,७३,७८,१६० − १,९७,४६,७०० = −२३,६८,५४० मिळतात. म्हणून K ≈ −२४६. ऋण वाघ धारण करणारे जंगल संभवत नाही. तथापि आकडेमोडीत चूक नाही. आकड्यांत वळणच नाही. पहिल्या आठ वर्षांत संख्या १.८४ पट झाली, दुसऱ्या आठ वर्षांत २.३४ पट. लॉजिस्टिक वाढीत हे गुणोत्तर घटत गेले पाहिजे. ही कसोटी साधी आहे व ती आधी लावावी : N₁² हा N₀N₂ पेक्षा मोठा नसेल, तर K काढू नये. शिवाय या काळात स्वयंचलित कॅमेऱ्यांची व्याप्तीही वाढली. त्यामुळे वाढीचा काही भाग वाघांचा, तर काही मोजणीचा असणे शक्य आहे, आणि सूत्राला त्यांतील भेद कळत नाही.

कसोटी उतरली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. पर्ल आणि रीड यांनी १९२० साली अमेरिकेच्या जनगणनेला हाच वक्र बसविला. १७९०, १८५० व १९१० ची लोकसंख्या अनुक्रमे ३.९३, २३.१९ व ९१.९७ दशलक्ष होती. यावरून K सुमारे १९७ दशलक्ष येतो. १९५० पर्यंत वक्र आणि जनगणना जवळजवळ बरोबर चालली. पण १९७० च्या जनगणनेत २०३ दशलक्ष लोक मोजले गेले. जी मर्यादा कधीही ओलांडली जाणार नव्हती, ती पन्नास वर्षांत ओलांडली गेली.

यावरून दिसते की K हा वक्रातून नव्हे, तर भूमीवरून काढावयास हवा.

उदाहरण तिसरे. एक वाघ वर्षाला साधारणतः पन्नास मोठी सावजे मारतो : चितळ, सांबर, रानडुक्कर, नीलगाय, क्वचित गवा. कारंथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात वाघ आपल्या सावजांपैकी दरवर्षी सुमारे दहा टक्के उचलतात, असे धरले आहे. म्हणजे एका वाघामागे ५०० खुरी प्राणी लागतात. ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. दर चौरस किलोमीटरला ३० सावजे आहेत असे गृहीत धरल्यास एकूण १८,७५० सावजे व K ≈ ३७ येतो; ४० धरल्यास K = ५०. गृहीतक बदलले की K बदलतो. वणवा, गुरांची चराई, गवताळ कुरणे, पाणवठे हे सर्व त्या एका अंकात दडलेले असतात. ‘धारणक्षमता’ हा शब्द भांड्याच्या मापाची आठवण करून देतो. पण हे भांडे दरवर्षी आकार बदलते.

उदाहरण चौथे. N = K झाल्यावर समीकरण वाढ शून्य दाखविते. या शून्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. समजा, ५० वाघांच्या भरलेल्या जंगलात १५ वाघिणी वितात, आणि प्रत्येक वाघीण दर अडीच वर्षांनी दोन बच्चे स्वावलंबी होईतो वाढविते. मग दरवर्षी १५ × २ ÷ २.५ = १२ तरुण वाघ तयार होतात. मृत्यूमुळे पाच प्रदेश रिकामे झाले, तर उरलेल्या सातांना बाहेर पडावे लागते. जंगलातील संख्या ५० च राहते. पण दर पाच वर्षांत ३५ वाघ गावशिवारांत, झुडपांत, खाणींच्या व कारखान्यांच्या परिसरात उतरतात. त्यांना तेथे गुरे मिळतात, म्हणून त्या भूमीलाही एक प्रकारचा K असतो. मात्र त्याची किंमत माणूस देतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला, तो प्रसंग याच सीमारेषेवरचा आहे.

वाघ अन्यत्र नेणे हा यावर योजलेला एक उपाय. २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणि २०२४ मध्ये ताडोब्यातील दोन वाघिणी ओडिशातील सिमिलिपाल येथे नेण्यात आल्या. वरील हिशेबात दरवर्षी सात वाघ बाहेर पडतात. त्यांपैकी दोन नेले तरी पाच उरतात. शिवाय गाभ्यातील प्रस्थापित वाघीण नेली, तर तिचा रिकामा प्रदेश एखादी तरुण वाघीण व्यापते व बाहेरचा भार तेवढाच हलका होतो. उत्पत्ती मात्र चालूच राहते.

सारांश, लॉजिस्टिक समीकरण वाढ का मंदावते हे उत्तम रीतीने सांगते, परंतु ती कोठे थांबेल हे वळण येण्यापूर्वीच्या आकड्यांवरून सांगू शकत नाही. तो अंक सावजांच्या मोजणीतून मिळवावा लागतो. आणि तो मिळाल्यावरही केवळ जंगलातील वाघ मोजून भागत नाही. दरवर्षी जंगलाबाहेर किती पडतात, ही नोंद गावांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.